गोलातला फोटो नंतर सरकवता यायला हवा असेल तर

पेठेतल्या एका मंडळाच्या फ्लेक्सवर अध्यक्षांचा फोटो गोलात बसवला आणि रात्री फोन, फेटा अर्धा कापलाय, जरा खाली घ्या. फोटो क्रॉप करून टाकला असता तर परत मागवत बसावं लागलं असतं. इलस्ट्रेटरमध्ये असं करा:

१. फोटोवर गोल काढा, गोल फोटोच्या वरच हवा.
२. दोन्ही सिलेक्ट करून Ctrl+7 दाबा.
३. सरकवायचं असेल तर A दाबा, रिकाम्या जागी क्लिक करून सिलेक्शन काढा आणि आतला फोटो धरून ओढा, गोल जागचा हलत नाही.

पूर्ण फोटो परत हवा तर Ctrl+Alt+7.

मास्क करताना गोलाची बॉर्डर उडते, ती नंतर द्या. आणि झाकलेला भाग फाईलमध्ये तसाच असतो, कोणाला दिसायला नको असेल तर ओपन फाईल न देता जेपीजी द्या.