‘मोझेक’ भ्रूणाचा अहवाल हाती आल्यावर या चुका टाळा

गुहागर तालुक्यातील एका जोडप्याचे उदाहरण घेऊ. ते कोण्या एका घरचे नाही. आयव्हीएफसाठी किनारपट्टीवरून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या अनेकांचे प्रश्न एकत्र करून मी ते उभे केले आहे. पत्नीचे वय ३६ आणि आधी दोन गर्भपात झालेले. उपचारांत पाच भ्रूण ब्लास्टोसिस्ट अवस्थेपर्यंत वाढले आणि पाचही भ्रूणांची पीजीटी-ए, म्हणजे गुणसूत्रांच्या संख्येची तपासणी झाली. तीन भ्रूण सदोष निघाले, एक सामान्य निघाला आणि पाचव्यापुढे लिहिले होते : मोझेक, `+16`, ३३ टक्के. मोझेक म्हणजे काही पेशी सामान्य आणि काही सदोष; `+16` म्हणजे त्या सदोष पेशींत सोळाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त. सामान्य भ्रूणाचे रोपण झाले, परंतु तो रुजला नाही. आता गोठवलेला तो पाचवा भ्रूण तेवढा उरला आहे, आणि घरात प्रश्न असा पडला आहे की ‘तेहतीस टक्के खराब’ भ्रूण ठेवावा की टाकावा.

हा प्रश्नच चुकीच्या वाचनातून जन्मलेला आहे, म्हणून सुरुवात त्या आकड्यापासून करू.

टक्केवारी संपूर्ण भ्रूणाची आहे असे समजणे

पाचव्या-सहाव्या दिवशीचा ब्लास्टोसिस्ट म्हणजे साधारण शंभर ते दोनशे पेशींचा, आत द्रव भरलेला गोल. त्यात पेशींचे दोन गट स्पष्ट दिसतात. आतल्या बाजूला एक लहान पुंजका असतो, त्यापासून बाळ घडते. बाहेरचे अस्तर पुढे मुख्यतः वार बनते. तपासणीसाठी लेझरने वाट करून त्या बाहेरच्या अस्तरातल्या पाच ते दहा पेशी काढतात. भ्रूण गोठवून केंद्रातच राहतो. जनुकीय प्रयोगशाळेकडे जाते ती केवळ त्या पेशींची नळी. बाळ ज्या पेशींपासून घडणार, त्यांना या तपासणीत कोणी हात लावलेला नसतो.

एका पेशीत डीएनए असतो सुमारे सहा पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सहापट. एवढ्याशा द्रव्यावर काही मोजता येत नाही, म्हणून प्रथम त्याच्या असंख्य प्रती काढतात, मग त्यांचे तुकडे वाचतात आणि प्रत्येक गुणसूत्राच्या वाट्याला किती तुकडे आले याची तुलना करतात. दोन प्रती असतील तर वाचन २ च्या आसपास येते, तीन असतील तर ३ च्या. येथे पेशी एकेक करून तपासलेल्या नसतात. सर्व पेशींचा डीएनए एकत्र करून त्याची सरासरी काढलेली असते.

आपल्या उदाहरणात सहा पेशी काढल्या होत्या असे धरू. चार पेशींत सोळाव्या गुणसूत्राच्या दोन-दोन प्रती आणि दोन पेशींत तीन-तीन असतील, तर एकूण चौदा प्रती होतात. त्यांना सहाने भागले की २.३३ येते. यालाच अहवाल ‘३३ टक्के’ म्हणतो. अनेक प्रयोगशाळा वीस टक्क्यांखालील वाचनाला सामान्य, ऐंशीच्या वरच्या वाचनाला सदोष आणि मधल्या सर्वांना मोझेक असे नाव देतात. या रेषा सोयीसाठी आखलेल्या आहेत. एकोणीस आणि एकवीस टक्क्यांच्या भ्रूणांत निसर्गाने भिंत उभी केलेली नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण सगळा भात सारखा शिजला असेल तरच. मोझेक म्हणजे मुळातच असमान शिजलेला भात. सहा शिते हातात आली ती कोणत्या कोपऱ्यातली, यावर उत्तर ठरते. हिशेब करून पाहण्यासारखे आहे : बाहेरच्या अस्तरातील खरोखर एक तृतीयांश पेशी सदोष असतील आणि त्या सर्वत्र सारख्या मिसळलेल्या असतील, तरी यदृच्छया उचललेल्या सहाही पेशी सामान्य निघण्याची शक्यता दोन तृतीयांशाचा सहावा घात, म्हणजे सुमारे नऊ टक्के राहते. सदोष पेशी दहा टक्केच असतील तर ती निम्म्याहून अधिक होते. प्रत्यक्षात एका पेशीपासून झालेल्या पेशी शेजारी-शेजारी राहतात, त्यामुळे नमुना आणखी एकांगी येऊ शकतो. म्हणून ‘सामान्य’ अहवाल म्हणजे संपूर्ण भ्रूण निर्दोष असल्याची खात्री नव्हे, आणि ‘३३ टक्के मोझेक’ म्हणजे बाळाच्या तेहतीस टक्के पेशी सदोष, असेही नव्हे.

त्यातही २.३३ हे वाचन खऱ्या मिश्रणामुळेच आले असेल असे नाही. प्रती काढताना काही भाग अधिक वाढतो, लेझरने एखादी पेशी फुटते, एखादी पेशी नेमकी विभाजनाच्या तयारीत आपला डीएनए दुप्पट करत असते. या प्रत्येकाने वाचन पूर्णांकापासून सरकते. म्हणून केवळ शेवटच्या ओळीवर थांबू नका, आलेख दाखवण्यास सांगा. बाकीची सर्व गुणसूत्रे २ च्या रेषेवर शांत असतील आणि एकटे सोळावे स्वच्छपणे वर उचललेले असेल, तर निष्कर्षाला वजन आहे. सगळा आलेखच वरखाली होत असेल, तर नमुन्याच्या दर्जाबद्दल विचारणे योग्य ठरते.

दोष कोणाच्या पदरात टाकावा याचा शोध घेणे

घरात पहिला संशय बाईच्या वयावर जातो, आणि ते पाहून मला दरवेळी वाईट वाटते, कारण मोझेकच्या बाबतीत तो बहुतेकदा चुकीच्या ठिकाणी जातो. स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकली, तर ती चूक पुढच्या प्रत्येक पेशीत उतरते आणि भ्रूण पूर्णपणे सदोष निघतो; वयानुसार वाढते ती प्रामुख्याने ही चूक. मोझेक भ्रूणाची कथा बहुधा फलनानंतर सुरू होते. पहिली दोन-तीन विभाजने भ्रूण स्त्रीबीजात साठवलेल्या शिदोरीवर करतो. त्याची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या सुमारास कामाला लागतात, आणि तोपर्यंत वाटणीवरचा पहारा ढिला असतो. त्या काळात एखादे गुणसूत्र मागे राहिले किंवा दोन्ही प्रती एकाच बाजूला गेल्या, की त्या एका पेशीची संतती वेगळी होते आणि बाकीची सामान्य राहते. अशा भ्रूणांचे प्रमाण आईच्या वयाबरोबर तसे ठळकपणे वाढत नाही. क्वचित उलटेही घडते : आरंभी तीन प्रती असलेला भ्रूण काही पेशींतून एक प्रत गमावतो. सहा पेशींच्या नमुन्यावरून यांपैकी काय घडले हे ओळखता येत नाही.

घाईने टाकणे, किंवा मनासारखे उत्तर येईपर्यंत पुन्हा तपासणे

२०१५ मध्ये इटलीतील संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मोझेक भ्रूणांचे रोपण केलेल्या १८ स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली; त्यांतून सहा निरोगी बाळे जन्मली होती. तेव्हापासून असे भ्रूण सरसकट टाकून देणे चुकीचे मानले जाऊ लागले. त्यानंतरच्या मोठ्या नोंदींत मोझेक भ्रूण सामान्य भ्रूणांपेक्षा कमी रुजतात आणि गर्भपात अधिक होतात असे दिसले, विशेषतः टक्केवारी पन्नासच्या वर असेल तेव्हा. याउलट, २०२१ च्या एका अभ्यासात डॉक्टरांपासून निकाल झाकून ठेवून रोपण केले, तेव्हा कमी व मध्यम प्रमाणाच्या मोझेक भ्रूणांचे यश सामान्य भ्रूणांइतकेच आढळले. सामान्य भ्रूण उपलब्ध असेल तर आधी तोच रोपावा, या क्रमाबद्दल मात्र फारसा वाद नाही.

पुन्हा बायोप्सी करण्याचा आग्रह मी धरू देत नाही. त्यासाठी भ्रूण वितळवावा लागतो, पुन्हा पेशी काढाव्या लागतात आणि पुन्हा गोठवावे लागते. एवढे करून दुसरा निकाल ‘सामान्य’ आला, तरी पहिला खोटा ठरत नाही. दोन कोपऱ्यांतली शिते वेगळी निघाली एवढेच कळते. त्यापेक्षा वेळ घ्या. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यानुसार भ्रूण दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवता येतो.

कोणते गुणसूत्र आहे हे टक्केवारीइतकेच महत्त्वाचे असते. सोळाव्याच्या तीन प्रती सर्व पेशींत असतील तर गर्भ बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच पडतो. त्या केवळ वारेत राहिल्या, तर गर्भ टिकतो, परंतु बाळाची वाढ खुंटणे, आईचा रक्तदाब वाढणे, प्रसूती लवकर होणे, असे धोके संभवतात. त्यामुळे या जोडप्याला ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असे एका शब्दात सांगता येत नाही. आणखी एक उपचारचक्र शक्य असेल तर ते आधी करावे. शक्य नसेल तर पुढची देखरेख मान्य करूनच हा भ्रूण रोपावा.

या तपासणीने सगळेच पाहिले असे मानणे

पीजीटी-ए गुणसूत्रे मोजते. थॅलेसेमियासारखा एका जनुकाचा आजार तिला दिसत नाही. त्यासाठी पीजीटी-एम ही वेगळी तपासणी असते, आणि तिच्यासाठी पती-पत्नीचे व बऱ्याचदा कुटुंबीयांचेही रक्त आधी घेऊन तयारी करावी लागते. प्रत्येक गुणसूत्राच्या तीन-तीन प्रती असतील तर केवळ तुलनेवर चालणारी पद्धत फसू शकते, कारण सगळेच सारख्या प्रमाणात वाढलेले असते. भ्रूणाचे लिंग विचारू नये. ते सांगणे आणि त्यावरून निवड करणे हा गुन्हा आहे.

रोपणानंतर चुकीच्या तपासणीवर विसंबणे, आणि तारखा न आखणे

आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी वारेतून आलेला डीएनए वाचते. अकरा ते तेरा आठवड्यांच्या सुमारास वारेचा तुकडा घेऊन होणारी तपासणीही वारच पाहते. मोझेक भ्रूणात शंका नेमकी ही असते की वार आणि बाळ वेगळे आहेत का. त्यामुळे बाळाच्या पेशी ज्यात असतात ते गर्भजल तपासणे, म्हणजे अॅम्निओसेंटेसिस, हाच अधिक योग्य मार्ग ठरतो.

पाचव्या दिवसाच्या भ्रूणाचे रोपण झाले त्या दिवशी गर्भारपण दोन आठवडे पाच दिवसांचे धरतात. रोपण १ मार्चला झाले, तर सोळा आठवडे २ जूनला पूर्ण होतात आणि तेव्हापासून गर्भजल काढता येते. पेशी वाढवून निकाल येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात, म्हणजे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. चोविसावा आठवडा २८ जुलैला पूर्ण होतो, आणि बाळात गंभीर दोष आढळल्यास त्यानंतर गर्भपाताचा निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. हा सारा काळ पावसाचा आहे. घाटात दरड आली किंवा गाडी रद्द झाली म्हणून तपासणी तीन आठवडे पुढे गेली, तर विचाराला उरलेला वेळ तेवढाच घटतो. त्यामुळे तपासणीची वेळ रोपणाच्या दिवशीच ठरवून ठेवावी, किंवा रोपणाचाच महिना बदलावा.

गर्भजलाचा निकाल चांगला आला, तरी सोळाव्या गुणसूत्राची नोंद कार्डावर ठळकपणे लिहून घ्यावी. अठ्ठाविसावा आठवडा २५ ऑगस्टला, म्हणजे गणपतीच्या दिवसांच्या आसपास, पूर्ण होतो. त्या सुमारापासून बाळाच्या वाढीची सोनोग्राफी डॉक्टरांनी ठरवलेल्या अंतराने करावी आणि प्रत्येक वेळी रक्तदाब पाहावा. प्रसूतीची तारीख १७ नोव्हेंबरची असली, तरी नवजात अतिदक्षता कक्ष असलेले रुग्णालय सप्टेंबरमध्येच निश्चित करून तेथे नाव नोंदवावे.