विखुरलेलं उत्तर एका प्रश्नाखाली आणताना

समजा, तुम्ही घेतलेली मुलाखत रेकॉर्डिंगवरून लिहून काढताय आणि तीत लातूरच्या आजी 2016 साली मिरजेहून रेल्वेनं आलेल्या पाण्याबद्दल सुरुवातीला थोडं बोलल्या आणि शेवटी, नातवंडांच्या गप्पांत, पुन्हा. दोन्ही तुकडे खुशाल एका प्रश्नाखाली आणा. पण शेवटचं ‘लई राग आला’ हे पाण्याबद्दल होतं की नातवाबद्दल, हे रेकॉर्डिंग पुन्हा ऐकूनच ठरवा. नुसत्या कागदावर इथंच घोळ होतो आणि न दिलेलं उत्तर त्यांच्या तोंडी जातं.

‘म्हंजी’, ‘बगा’ दहादा आलं तर एखादंच ठेवा. ‘लेकरं’चं ‘मुलं’ मात्र करू नका, बोलणं आजींचंच राहू द्या. तुमचा लांबलेला प्रश्न एका ओळीत बसवा. अर्थ बदलला, तर खालचं उत्तर खोटं ठरतं.