ऑडिटला बसण्याआधी: जॅकार्ड सॉफ्टवेअरचं लायसन्स आणि रॅपियर माग

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कारखान्याचा ताळेबंद मार्चअखेर बंद करायचा आहे, असं धरून ही तयारी लिहितो.

सर्वात आधी डिझाइन सॉफ्टवेअरचं बिल आणि लायसन्सचा करार शेजारी ठेवून वाचा. समजा, जीएसटी सोडून बिल ४,००,००० रुपयांचं आहे आणि त्यात ४०,००० रुपये डिझायनरच्या ट्रेनिंगचे आहेत. ट्रेनिंगची रक्कम याच वर्षाच्या खर्चात टाका. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर तोही किमतीत धरू नका. अमूर्त मालमत्ता म्हणून उरतात ३,६०,००० रुपये. मागाच्या कंट्रोलरमध्ये बसवूनच आलेलं आणि ज्याच्याशिवाय माग चालतच नाही असं सॉफ्टवेअर मात्र वेगळं काढायचं नाही. ते मागाच्याच किमतीत राहतं.

मग आयुष्य ठरवा. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात, कारण मागाची सवय सॉफ्टवेअरला लावली जाते. माग लोखंडाचा आहे, झिजतो आणि शेवटी भंगारात तरी विकला जातो. म्हणून १८,००,००० च्या मागाला कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे १५ वर्षं आणि ५ टक्के अवशिष्ट मूल्य धरलं, तर सरळ रेषेच्या पद्धतीने वर्षाला १,१४,००० रुपये घसारा येतो. लायसन्सचं आयुष्य करारातल्या तारखेला संपतं. ते १ ऑक्टोबर २०२५ ला वापरायला तयार झालं आणि ३० सप्टेंबर २०२८ ला संपणार असेल, तर आयुष्य ३ वर्षं. मुदत संपल्यावर ते विकत घेण्याचं कुणी आधी कबूल केलेलं नसेल आणि त्याला चालू बाजारही नसेल, तर अवशिष्ट मूल्य शून्य धरा. वर्षाचं अमॉर्टायझेशन १,२०,००० आणि मार्च २०२६ पर्यंतच्या सहा महिन्यांचं ६०,००० रुपये.

पाळ्यांचं रजिस्टरही काढून ठेवा. माग वर्षभर दोन पाळ्यांत चालला असेल, तर त्याचा घसारा दीडपट, म्हणजे १,७१,००० होतो. डिझायनर रात्री कितीही वेळ बसला तरी लायसन्सचा आकडा तोच राहतो.

पेटंट घेतलं असेल, तर भारतात त्याची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं असते. पण अमूर्त मालमत्तेचं लेखा मानक एएस २६ आयुष्य दहा वर्षांच्या वर नाही असंच गृहीत धरतं. त्याहून जास्त धरायचं तर भक्कम पुरावा लागतो.

शेवटी डिझाइन विभागात जाऊन खात्री करा की ते सॉफ्टवेअर खरंच वापरात आहे. दुसरं घेऊन जुनं कायमचं बंद केलं असेल आणि त्यातून पुढे काहीच मिळणार नसेल, तर उरलेली किंमत मुदतीपर्यंत ओढत न नेता त्याच वर्षी नफा-तोट्याच्या पत्रकात न्या. आयकराचा तक्ता वेगळा करा. तिथले दर कायद्याने ठरलेले आहेत, यंत्रांना साधारणपणे १५ टक्के आणि पेटंटला २५ टक्के, तेही उरलेल्या किमतीवर.