भिशीचा क्रम ठरवताना या चुका टाळा

इंदूरच्या रामबागेतील आमच्या गल्लीत १२ घरांची भिशी चालते. हिंदीभाषक शेजारी तिलाच बीसी म्हणतात. प्रत्येक घर दरमहा २,००० रुपये भरते आणि जमलेले २४,००० रुपये त्या महिन्याच्या नंबरवाल्याला मिळतात. हप्ता सर्वांचा सारखा, म्हणून व्यवहारही सारखा, असे मानणे ही पहिली चूक होय. पहिल्या नंबरला मिळते ते बिनव्याजी कर्ज असते, तर बाराव्या नंबरचे घर वर्षभर इतरांना पैसे पुरवत असते. व्याज वर्षाला ६ टक्के धरले, तर २४,००० रुपयांवर महिन्याला १२० रुपये होतात, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या नंबरांत ११ महिन्यांचे १,३२० रुपयांचे अंतर पडते.

चिठ्ठी काढली की न्याय झाला, असे अनेकांना वाटते. चिठ्ठीने पक्षपात टळतो, हे खरे. पण अंतर मिटत नाही, ते फक्त नशिबाच्या माथी जाते. दरवर्षी नव्याने भिशी लावणाऱ्यांनी निदान गेल्या खेपेचा क्रम उलटा करावा. एकाच फेरीत हिशेब बसवायचा असेल, तर पहिल्या नंबरला ६६० रुपये कमी द्यावेत, दुसऱ्याला ५४०, आणि असे प्रत्येक नंबरला १२० रुपयांनी उतरत सहाव्याला ६० रुपये कमी द्यावेत. अशा रीतीने २,१६० रुपये साठतात. सातव्याला ६० रुपये जास्त, आठव्याला १८०, असे चढत बाराव्याला ६६० रुपये जास्त दिले की ते बरोबर संपतात. आमच्या वहीत हा रकाना वेगळा आहे, कारण ती रक्कम हप्त्यात मिसळली की वर्षअखेरीस कोणालाच काही जुळवता येत नाही.

अडचणीपोटी नंबर बदलून देणे हा शेजारधर्म आहे, मात्र नववा नंबर असलेल्या काकूंनी मुलीच्या प्रवेशासाठी तिसरा मागितला, तर तो देणाऱ्याचे सहा महिने, म्हणजे ७२० रुपये जातात. ही कपात किंवा वाढ माणसाशी न जोडता नंबराशी जोडली, तर बदल आपोआप न्याय्य होतो आणि कोणाला कोणाकडे तोंड उघडावे लागत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे नव्या भाडेकरूला आरंभीचा नंबर देणे. पहिल्याच महिन्यात रक्कम उचलणाऱ्याकडे अजून २२,००० रुपयांचे हप्ते बाकी असतात. तिसऱ्याकडे १८,०००, अकराव्याकडे केवळ २,०००. म्हणून नवखे घर शेवटच्या दोन-तीन नंबरांत बसवावे. उचल झालेल्या घराचा हप्ता पूर्वी ५ तारखेला येत असून आता १२ ला येऊ लागला, तर पुढच्या महिन्याची वाट न पाहता वहिनींना थेट विचारावे, कारण दोन हप्ते थकले की त्या महिन्याच्या नंबरवाल्याला २४,००० ऐवजी २०,००० द्यायची वेळ येते. मध्येच सोडणाऱ्याने उचल केलेली नसेल, तर त्याने भरलेली रक्कम लगेच नव्हे, तर त्याच्या नंबरच्या महिन्यात परत द्यावी. नाहीतर उरलेल्यांची उचल तुटते.