मीटिंगनंतर डेक पाठवायचा असेल तर आधी अॅनिमेशन काढा

पॉवरपॉइंटमध्ये पडद्यावर छान दिसलेली स्लाइड पीडीएफमध्ये का फिसकटते, हे नवख्यांना कुणी सांगत नाही. पीडीएफ करताना क्लिकचा क्रम जातो. स्लाइडवर जे जे ठेवलंय, ते सगळं एकाच पानावर एकदम छापलं जातं. Exit लावून घालवलेली वस्तूही परत दिसते.

समजा, तिमाहीत १२० तक्रारी आल्या आणि त्यातल्या ७८ पॅकिंगच्या होत्या. स्लाइडवर आधी सगळ्या तक्रारींचा तक्ता येतो, क्लिक केल्यावर तो जाऊन त्याच जागी पॅकिंगचा तक्ता येतो आणि शेवटी निर्णयाची चौकट. सभागृहात हे उत्तम चालतं. पीडीएफमध्ये मात्र दोन्ही तक्ते एकावर एक बसतात आणि त्यावर चौकट. मीटिंगला न आलेल्या साहेबांना यातलं काहीही वाचता येणार नाही.

उपाय सोपा आहे. डावीकडच्या पट्टीत स्लाइड निवडून Ctrl+D दोनदा दाबा आणि अॅनिमेशन पूर्ण काढा. मग प्रत्येक प्रतीत त्या टप्प्याला लागेल तेवढंच ठेवा. वस्तूंची जागा तसूभरही हलवू नका, म्हणजे पडद्यावर पूर्वीसारखंच दिसेल. पारख अशी: Normal व्ह्यूमध्ये जे दिसतं, तेच पीडीएफमध्ये येणार. तिथे गर्दी दिसली की पीडीएफमध्येही गर्दीच. Ctrl+D ने Notes चीही नक्कल होते. ती पुसायला विसरू नका, नाहीतर तोच मजकूर तीनदा छापला जाईल.

आता वाचणाऱ्याचं बघू. ‘तक्रारींचा आढावा’ हे शीर्षक त्याला काहीच सांगत नाही. ‘१२० पैकी ७८ तक्रारी पॅकिंगच्या, आधी पॅकिंग सुधारू’ असं पूर्ण वाक्य लिहा. बाकीचं स्पष्टीकरण Notes मध्ये, साधारण ८० ते १०० शब्दांत: आकडा कुठल्या नोंदीतून घेतला, काय वगळलं, निष्कर्ष कसा निघाला. ‘आता इथे बघा’ छापाची बोलायची वाक्यं तिथे नकोत. मीटिंगमध्ये ठरलेली गोष्ट त्याच दिवशी तिथे जोडा.

‘दाखवायची एक, पाठवायची एक’ अशा दोन फाइली करायचा सल्ला अनेक सीनियर देतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. ऐनवेळी एक आकडा बदलतो, तो एकाच फाइलीत सुधारला जातो आणि मग कुठला खरा यावर मेलामेली सुरू होते. फाइल एकच ठेवा. File > Export > Create PDF/XPS मध्ये Options उघडा आणि Publish what खाली Notes pages निवडा. वर स्लाइड, खाली मजकूर अशी पानं मिळतात. एवढ्याने काम होतं, घाबरू नका.

मूळ .pptx मात्र पाठवू नका. एक्सेलमधून आणलेल्या तक्त्यासोबत अख्खं वर्कबुक आत बसलेलं असू शकतं, आणि तक्त्यावर उजवं क्लिक करून कुणीही ते उघडू शकतो. पाठवणं भागच असेल तर तक्ता Paste Special ने चित्र म्हणून चिकटवा.