हिरवा आधी, लाल नंतर: दुहेरी फटीच्या प्रयोगाची तयारी

सगळ्यात आधी खोलीत अडीच मीटर सलग मोकळी जागा शोधायची. एका टोकाला भिंत किंवा जड कपाट हवं, म्हणजे त्यावर कागद चिकटवला की तोच पडदा. दुसऱ्या टोकाला न डुगडुगणारं टेबल. फट ते पडदा हे अंतर, म्हणजे D, 2 मीटर ठेवायचं. 2 मीटरच का, ते सूत्रात आकडे घालून पाहिलं की कळतं. पट्टारुंदी β = λD/d, यात λ म्हणजे प्रकाशाची तरंगलांबी आणि d म्हणजे दोन फटींमधलं अंतर. लाल लेझरची तरंगलांबी 650 नॅनोमीटर आणि फटींमधलं अंतर 0.25 मिलिमीटर धरलं, तर 2 मीटरवर एक पट्टा 5.2 मिमी रुंद पडतो. एवढा पट्टा पेन्सिलीने खूण करायला आरामात पुरतो. फटींमधलं अंतर 0.50 मिमी घेतलं तर तोच पट्टा 2.6 मिमी होतो, आणि 1 मीटरवर तर 1.3 मिमी. तिथे पेन्सिलीचं टोकच पट्ट्याच्या पाव-अर्ध्या भागाइतकं जाड पडतं. उलट 4 मीटरवर पट्टे ऐसपैस होतात, पण कडेचे इतके फिके पडतात की मोजताना अंदाजच करावा लागतो.

सामानात दोन लेझर पॉइंटर हवेत, एक लाल आणि एक हिरवा. दोन्हीवर 1 मिलिवॅटपेक्षा कमी, म्हणजे क्लास 2, असं लिहिलेलं असावं. तरीही हिरव्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, कारण स्वस्त हिरवे पॉइंटर अनेकदा लेबलापेक्षा जास्त शक्तीचे निघतात, आणि काहींतून न दिसणारा अवरक्त प्रकाशही बाहेर पडतो. म्हणून किरण बसलेल्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर ठेवायचा नाही, तो पडद्यावरच संपला पाहिजे. वाटेत स्टीलची पट्टी, घड्याळ, काचेचं दार असं काही चकचकीत नको.

फटींसाठी दोन स्लाइड घ्यायच्या. दोन्हींत प्रत्येक फटीची रुंदी 0.04 मिमी, आणि फटींमधलं अंतर एकीत 0.25, दुसरीत 0.50 मिमी. इथे लेबल वाचताना हमखास घोटाळा होतो. स्लाइडवर दोन आकडे असतात: a म्हणजे एका फटीची रुंदी आणि d म्हणजे एका फटीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर. मधली काळी पट्टी म्हणजे d नव्हे. सूक्ष्मदर्शकाखाली नुसती काळी पट्टी मोजली तर ती 0.21 मिमी भरेल आणि तरंगलांबी 16 टक्क्यांनी कमी येईल. स्लाइड कडेने धरायची. फटीवर बोटाचा ठसा उमटला की पडद्यावर पट्ट्यांच्या जोडीला डागडाग दिसू लागतात.

बाकीचं सामान घरातलंच: 3 मीटरची मेजपट्टी, पुस्तकांचा गठ्ठा किंवा लाकडी ठोकळे, सेलोटेप, टोक केलेली पेन्सिल, जाड पांढरा कागद आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे. चिमटा लेझरचं बटण दाबून धरायला. हाताने बटण दाबलं की किरण हलतो आणि पट्टे नाचायला लागतात. सेल नवे घालावेत आणि जोडीला सुटे ठेवावेत. तीन बटण सेलवर चालणारा पॉइंटर सतत चालू ठेवला तर बघता बघता मंद होतो, आणि मग कडेचे पट्टे दिसत नाहीत म्हणून दोष फटीला दिला जातो.

मांडणी करताना लेझर स्लाइडपासून 20-30 सेंटिमीटरवर ठेवायचा आणि फटी उभ्या ठेवायच्या, म्हणजे पट्टे पडद्यावर आडव्या रांगेत येतात. पडद्यावर नुसता लांबट उजेड दिसला आणि त्यात काळ्या रेघा नसल्या, तर किरण एकाच फटीवर पडतोय असं समजायचं. अशा वेळी लेझरला हात न लावता स्लाइड बाजूला केसभर सरकवावी. दोन्ही फटी उजळल्या की त्या उजेडाचे एकदम तुकडे पडतात. हा क्षण अंधारात पाहण्यासारखा असतो, म्हणून पडदे आधी ओढून ट्यूबलाइट बंद करावी.

यानंतर काटकोन तपासायचा. स्लाइड 20 अंशांनी तिरकी राहिली तर किरणाच्या दृष्टीने फटींमधलं अंतर कमी होतं आणि पट्टे सुमारे 6 टक्क्यांनी रुंदावतात. डोळ्याला हे अजिबात जाणवत नाही. सोपी युक्ती अशी: स्लाइडवरून परत आलेला फिका ठिपका लेझरच्या तोंडाजवळच पडतोय का ते बाजूने पाहायचं, तोंड किरणाच्या रेषेत न आणता. पडदाही किरणाला काटकोनात हवा, तो तिरका राहिला तरी पट्टे रुंदावतात. मग D मोजायचा, आणि तो स्लाइडपासून, लेझरपासून नव्हे. लेझर 25 सेंटिमीटर मागे असतो, तेवढी चूक म्हणजे थेट साडेबारा टक्के.

आता पहिली रांग हिरव्याची. हिरवा आधी घेण्याचं कारण असं की लाल पॉइंटरवर बहुधा '630-680' असा मोघम आकडा छापलेला असतो. डायोडगणिक तो बदलतो. नेहमीचा हिरवा पॉइंटर मात्र 1064 नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाची तरंगलांबी स्फटिकात निम्मी करून चालतो, त्यामुळे त्याचे 532 नॅनोमीटर पक्के असतात. (नव्या प्रकारचे थेट हिरव्या डायोडचे पॉइंटर 515-520 च्या आसपास असतात, म्हणून लेबलावर 532 आहे ना, एवढं खरेदी करतानाच पाहून घ्यावं.) ज्याची तरंगलांबी माहीत आहे त्याने फट तपासायची आणि मग त्याच फटीने लाल मोजायचा, असा हा क्रम.

0.25 ची स्लाइड लावून कागदावर काळ्या पट्ट्यांच्या मध्यावर खुणा करायच्या. तेजस्वी पट्ट्याचा मध्य डोळ्याला ठरवता येत नाही, काळ्याचा येतो. मधल्या तेजस्वी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच, अशा दहा खुणा. दिवा लावून पहिल्या खुणेपासून दहावीपर्यंत पट्टीने मोजायचं. समजा 38.5 मिमी आले. दहा खुणांमध्ये नऊ अंतरं असतात, म्हणून β = 38.5 ÷ 9 = 4.28 मिमी. त्यावरून d येतो 0.249 मिमी, म्हणजे स्लाइडवरचा 0.25 खरा. दहाने भागलं असतं तर d 0.276 निघाला असता. मोजणीत एक पट्टा इकडेतिकडे झाला की इथेच पकडला जातो.

स्लाइड आणि पडदा जागच्या जागी ठेवून फक्त लेझर बदलायचा. कागद दोन बोटं वर सरकवून चिकटवायचा, म्हणजे लालची रांग हिरव्याच्या खाली येते आणि दोन्ही एका नजरेत दिसतात. लालच्या त्याच दहा खुणा आता 47.0 मिमीवर पसरतात. पट्टारुंदी 5.22 मिमी. लालची तरंगलांबी काढायला इथे D लागतच नाही, d सुद्धा लागत नाही. दोन्ही रांगांत ते तेच आहेत, म्हणून 532 × 47.0 ÷ 38.5 = 649 नॅनोमीटर. खुणांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची चूक धरली तर यात 15 नॅनोमीटर अधिक-उणे समजावेत. या सोप्या गुणोत्तराची एक खोड मात्र लक्षात ठेवायची: D चुकला किंवा दोन्ही रांगांना नऊऐवजी दहाने भागलं, तरी लालचं उत्तर बरोबरच येतं. चूक फक्त d मध्ये दिसते. म्हणून d काढल्याशिवाय पुढे जायचं नाही.

तिसरी रांग लालचीच, पण 0.50 च्या स्लाइडने. आधी आलेख डोक्यात काढून ठेवावा, कारण इथे जे होतं ते सूत्र नुसतं पाठ असणाऱ्याला गोंधळात पाडतं. पट्टे निम्मे होतात, 2.6 मिमीचे. पण उजेडाचा एकूण पसारा तेवढाच राहतो. मघा ज्या 47 मिमीमध्ये नऊ अंतरं मावत होती, तिथे आता अठरा मावतात. हा पसारा फटींमधल्या अंतराने ठरत नाही, एकेका फटीच्या रुंदीने ठरतो. 0.04 मिमीच्या फटीतून लाल प्रकाशाचा मधला उजेड दोन्ही बाजूंना 32.5 मिमीवर विझतो, मग d काहीही असो. लेझर बदलला तेव्हा मात्र पट्टे आणि पसारा दोन्ही एकाच प्रमाणात बदलले होते, कारण λ दोन्हीकडे आहे. हिरव्याचा पसारा 26.6 मिमीवरच संपतो.

रुंदीचा हा फरक वेगळा दाखवायचा असेल तर तिसरी स्लाइड जवळ असावी: d तोच 0.25, पण फटी 0.08 मिमी रुंद. पट्टारुंदी जागची हलत नाही, पसारा निम्मा होतो, आणि मध्यात तेरांऐवजी सातच तेजस्वी पट्टे उरतात. त्या तेरांतले अगदी कडेचे दोन इतके फिके असतात की ते न दिसल्यास घाबरू नये, पण त्यांच्यावर खूणही करू नये. दहा काळ्या पट्ट्यांवर थांबायला सांगितलं ते याचसाठी.

एक चूक मात्र चांगल्या हातांकडूनही होते. पसाऱ्याच्या मधल्या मोठ्या ठसठशीत उजेडालाच पट्टा समजून त्याची रुंदी मोजली जाते, मग लालसाठी β 65 मिमी येते आणि d काढला तर 0.02 मिमी. उत्तर फटीच्या स्वतःच्या रुंदीपेक्षाही लहान आलं, तर कागदाजवळ जाऊन आतल्या बारीक रेघा शोधायच्या.

प्रत्येक रांगेशेजारी रंग, d, a आणि D दिवा लावायच्या आधीच लिहून टाकायचे. लालच्या दोन्ही रांगा 47 मिमीच्याच असतात, आणि कागद भिंतीवरून काढल्यावर कुठली कुठल्या स्लाइडची ते खुणा मोजत बसावं लागतं.