शिक्षा सुचवायचा प्रश्न सोडवताना या चुका टाळा

क्रिमिनॉलॉजीच्या पेपरात आणि जेएमएफसीच्या, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाच्या, मेन्सच्या तयारीत एक प्रश्न फिरून फिरून येतो. आरोपी दोषी ठरलाय, परिस्थिती अशी अशी आहे, आता डिटरन्स म्हणजे जरब, रिट्रिब्यूशन म्हणजे दोषाइतकी शिक्षा आणि रिफॉर्मेशन म्हणजे सुधारणा या तिन्ही सिद्धांतांवरून शिक्षा सुचवा आणि कुठल्या सिद्धांताला जास्त वजन द्याल ते सांगा. या उत्तरांचे गठ्ठे मी तपासतो आणि दर वर्षी त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतोय.

मी क्लासमध्ये देतो तोच सिनॅरिओ घेऊ. मेडिकलच्या दुकानात कामाला असलेल्या २० वर्षांच्या मुलाने सप्टेंबर २०२४ मध्ये गल्ल्यातून ४०,००० रुपये काढले. आई दवाखान्यात होती, डिपॉझिट भरायचं होतं. सीसीटीव्हीत सापडला, लगेच कबूल केलं, १५,००० परतही केले. आधीचा एकही गुन्हा नाही. मालक म्हणतो कडक शिक्षा द्या, बाकीच्या पोरांना जरब बसली पाहिजे, आणि त्या भागात दुकानांतल्या चोऱ्या वाढल्यात हेही खरंय. निकालाच्या दिवशी मुलाचं वय २० वर्षं १० महिने. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६, नोकराने मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची केलेली चोरी, जास्तीत जास्त सात वर्षं आणि दंड.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शेवटी "तिन्ही सिद्धांतांचा समतोल साधून योग्य ती शिक्षा द्यावी" असं लिहून मोकळं होणं. हे उत्तरच नाहीये. प्रश्न विचारतोय जास्त वजन कुणाला, आणि तुम्ही सांगताय सगळ्यांना सारखं. एका मुलाचं उत्तर मला अजून आठवतं, अक्षर सुंदर, कांटपासून बेंथमपर्यंत सगळे नीट मांडलेले, चार पानं भरून सिद्धांत आणि शेवटी हे समतोलाचं वाक्य. मी त्याला वर्गात उभं केलं आणि विचारलं, तू मॅजिस्ट्रेट आहेस, आरोपी समोर उभा आहे, आज संध्याकाळी तो घरी जाणार की जेलमध्ये? तो म्हणाला, सर ते कोर्टाच्या डिस्क्रिशनवर आहे. अरे पण कोर्ट तूच आहेस ना! परत विचारलं, किती महिने, दंड किती, दुकानदाराच्या राहिलेल्या २५,००० चं काय? एकाचंही उत्तर नव्हतं. मुलगा हुशार होता, अभ्यासही होता, पण त्याने सिद्धांत पाठ केले होते आणि ते वापरून कुठे पोचायचं असतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाइड वाचून तयारी करणाऱ्यांचं हेच होतं, कारण गाइडमध्ये व्याख्या असतात, हुकूम नसतो.

माझी सवय उलटी आहे. आधी रफ पानावर हुकूम लिहायचा, आकड्यांसकट. मग स्वतःला विचारायचं की हा आकडा कुठून आला आणि दुसऱ्या सिद्धांताने तो कुठे ओढला असता. उत्तर तिथून सुरू होतं.

आता वजन कसं करायचं. रिट्रिब्यूशन म्हणजे सूड असं समजून पोरं त्याला पहिल्याच परिच्छेदात निकालात काढतात, मध्ययुगीन आहे, रानटी आहे वगैरे. तसं नाहीये ते. माणसाने जे केलं त्याच्या दोषाइतकीच शिक्षा, जास्त नाही, हा त्याचा गाभा आहे आणि म्हणूनच मी त्याला वरची मर्यादा ठरवायला वापरतो. साध्या चोरीला कायद्यात तीन वर्षं आहेत आणि नोकराने केलेल्या चोरीला सात, हा फरक विश्वास मोडल्याचा आहे, म्हणजे या मुलाचा दोष साध्या चोरापेक्षा जास्त धरावाच लागेल. दुसरीकडे पैसे आईच्या उपचाराला गेले, कबुली आहे, काही रक्कम परत आहे, त्याने दोष कमी होतो. हे सगळं मांडून मी म्हणतो की जेल द्यायचीच झाली तर वर्षाच्या वर जाणं अन्याय होईल, मग त्याने अख्ख्या बाजारपेठेला जरब बसत असली तरी. आणि नुसती ताकीद देऊन सोडणं दुकानदारावर अन्याय. मालकाचा राग हा मात्र दोषाचं माप नाही. उद्या मालक म्हणाला जाऊ द्या माफ केलं, तर दोष शून्य होतो का? नाही ना. मग तो चिडलाय म्हणून दुप्पटही होत नाही.

दुसरी चूक, जिच्यावर मी सगळ्यात जास्त लाल शाई घालवतो, ती म्हणजे डिटरन्स म्हणजे जास्त शिक्षा. "चोऱ्या वाढल्यात, म्हणून तीन वर्षं सक्तमजुरी." बेकारिया या इटालियन विचारवंताने १७६४ मध्येच सांगून ठेवलंय की जरब शिक्षेच्या क्रूरपणाने बसत नाही, ती चुकणार नाही या खात्रीने बसते. या केसमध्ये बाकीच्या पोरांना जरब कशाने बसली? कॅमेऱ्यात सापडला, अटक झाली, नोकरी गेली, कोर्टाने दोषी ठरवलं, सगळ्या गल्लीला कळलं, याने. त्यावर सहा महिने दिले की तीन वर्षं हे शेजारच्या दुकानातल्या हेल्परला बहुतेक माहीतही होत नाही. आणि डिटरन्सचे दोन भाग वेगळे करून लिहा, एक हा मुलगा पुन्हा करेल का आणि दुसरा याला बघून इतर थांबतील का. पहिल्याबद्दल फॅक्ट्स स्पष्ट आहेत, पहिला गुन्हा, एकदाच आलेली गरज, कबुली. दुसऱ्यासाठी एका माणसाला त्याच्या दोषापेक्षा जास्त शिक्षा देणं म्हणजे त्याला साधन म्हणून वापरणं, कांटचा आक्षेप नेमका हाच आहे, तो इथे लिहा, पहिल्या पानावर फोटोसारखा टांगू नका.

याचा अर्थ डिटरन्स कधीच जड नसतं असा नाही. सिनॅरिओ बदला, बेदरकार गाडी चालवून माणूस मारलाय असा घ्या. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा या २००० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने ड्रायव्हरला प्रोबेशन, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटका, नाकारलं आणि अशा केसमध्ये जरब हा मुख्य विचार असला पाहिजे असं म्हटलं. तिथे ते पटतं, कारण गाडी चालवणारा प्रत्येक जण रोज तो निर्णय घेत असतो, वेग कमी करायचा की नाही, दारू पिऊन स्टिअरिंगला बसायचं की नाही, आणि शांत डोक्याने घेतलेल्या निर्णयावर भीतीचा परिणाम होतो. दवाखान्याच्या काउंटरवर डिपॉझिटसाठी अडलेल्या मुलाच्या डोक्यात कलम ३०६ ची शिक्षा तीन की सात हा हिशोब चालू नसतो. जरब कुठे चालते आणि कुठे नाही हे गुन्हा कसा घडला त्यावरून ठरवा, पेपरात चोऱ्यांच्या बातम्या किती आल्या त्यावरून नाही.

रिफॉर्मेशनची चूक अशी की ते दया म्हणून लिहिलं जातं, "आरोपी गरीब आहे, आई आजारी आहे, त्याला एक संधी द्यावी." संधी कायद्यानेच दिलीय हो! प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स ॲक्ट, १९५८, कलम ६. आरोपी २१ वर्षांखालचा आणि गुन्ह्याला जन्मठेप नसेल तर कोर्टाने कारावास द्यायचा नाही, कलम ३ ची ताकीद किंवा कलम ४ चा बाँड वापरणं इष्ट नाही अशी खात्री झाली तरच द्यायचा आणि दिला तर कारणं लिहायची. त्याआधी प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवणं बंधनकारक. म्हणजे कुठल्या सिद्धांताला जास्त वजन हे या वयोगटासाठी संसदेनेच सांगून ठेवलंय, आणि उत्तरांच्या गठ्ठ्यात हे कलम शोधावं लागतं. वयाचा आकडा प्रश्नात उगाच दिलेला नसतो. रामजी मिसिर विरुद्ध बिहार, १९६३ नुसार ट्रायल कोर्ट ज्या दिवशी दोषी ठरवून शिक्षेचा विचार करतं त्या दिवसाचं वय बघायचं, म्हणून मी २० वर्षं १० महिने लिहितो. तेच २१ वर्षं १ महिना केलं तर कलम ६ गळून पडतं, कलम ४ उरतं पण ते कोर्टाच्या मर्जीवर, आणि मग तुम्हाला रिफॉर्मेशनची बाजू स्वतः लढवावी लागते.

ती लढवताना रतनलाल विरुद्ध पंजाब घ्या, १६ वर्षांच्या मुलाची केस, सहा महिने सक्तमजुरी झाली होती. तरुण पोरं सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाऊन पक्के गुन्हेगार होऊ नयेत हा कायद्याचा उद्देश तिथे सांगितलाय. मी त्यात एक भर घालतो, तीन-चार महिन्यांची जेल ही सगळ्यात वाईट, काम आणि घर तुटायला पुरेशी आणि आत काही शिकवायला अपुरी.

तर माझा हुकूम असा. प्रोबेशन ऑफिसरचा रिपोर्ट मागवायचा, तो अनुकूल आला तर कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या दोन वर्षांच्या बाँडवर सोडायचं, एक वर्ष देखरेख (त्यापेक्षा कमी ठेवता येत नाही), आणि कलम ५ खाली राहिलेले २५,००० दुकानदाराला हप्त्यांनी द्यायचे. कलम ३ ची ताकीद इथे बसते, त्या कलमातल्या गुन्ह्यांच्या यादीत भादंविचं जुनं ३८१ म्हणजे आताचं ३०६ आहे, पण मी ती देणार नाही, विश्वास मोडलाय त्याचं काहीतरी ओझं वाटलं पाहिजे. रिफॉर्मेशनला सगळ्यात जास्त वजन, रिट्रिब्यूशन दोन्ही बाजूंच्या मर्यादा धरून, डिटरन्स सगळ्यात मागे. आणि रिपोर्ट प्रतिकूल आला, म्हणजे आईचं कारण खोटं निघालं किंवा पैसे ऑनलाइन जुगारात गेलेले दिसले, तर हुकूम बदलेल हेही लिहा. हे कुणीच लिहीत नाही.

बाकीच्या चुका पटापट. कम्युनिटी सर्व्हिस नवीन आहे म्हणून दिसेल तिथे घालू नका, चोरीत ती ५,००० च्या खालच्या, पहिल्यांदा दोषी ठरलेल्याला, माल किंवा पैसे परत केल्यावर, आणि तीही साध्या चोरीच्या कलम ३०३(२) मध्ये. कलमात सात वर्षं आहेत म्हणून जेएमएफसी सात देऊ शकत नाही, त्याची मर्यादा तीन वर्षं. चोरीच्या उत्तरात बचन सिंग आणि "रेअरेस्ट ऑफ रेअर" आणू नका, तो निकाल फाशीचा आहे. शिक्षेवर आरोपीचं म्हणणं ऐकलं ही एक ओळ लिहा. प्रोबेशन ॲक्टच्या कलम १२ ने दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता जाते, दोषसिद्धी पुसली जात नाही, "रेकॉर्ड क्लीन होतं" असं लिहू नका. आणि घटनेची तारीख बघा, १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर न्याय संहिता नाही, भादंवि ३८१ लागेल, प्रश्न काढणारा ही तारीख मुद्दाम मार्च २०२४ करून ठेवतो.